नाव घातलेली भांडी

माझ्याबद्दल एक तक्रार कायम असते, की समुपदेशनाचं काम करूनही मला राग फार येतो. तक्रार खरी आहे. नाशिकमधल्या एका मुलांच्या रुग्णालयात मी जनुकीय आजारांविषयी घरच्यांना समजावून सांगते. समजावणारी बाई शांत हवी, म्हणून मी शांत चेहऱ्याने बसते. पण टेबलाखाली माझ्या पायाची चप्पल सतत हलत असते, हे आमच्या ओपीडीतल्या मावशींनी केव्हाच ओळखलंय. चप्पल जोरात हलायला लागली की त्या न विचारता पाणी आणून ठेवतात.

त्या दिवशी त्यांनी दोनदा पाणी आणलं.

समोर बसलेला माणूस शिकलेला होता. कंपनीत इंजिनिअर, इंदिरानगरला स्वतःचा फ्लॅट, कागद नीट फाइलला लावून आणणारा. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीचा रिपोर्ट त्याने माझ्यापुढे सरकवला. पाच पानांच्या त्या रिपोर्टात त्याने एकच ओळ पिवळ्या हायलायटरने रंगवली होती. मुलीच्या जनुकातला बिघाड आईकडून आलेला आहे, एवढाच त्या ओळीचा अर्थ. बाकीच्या पानांना त्याने हात लावला नव्हता.

"म्हणजे क्लिअर आहे ना, मॅडम?" तो म्हणाला. "आमच्याकडून काही नाही."

त्याची बायको शेजारीच बसली होती. तिच्या मांडीवरची मुलगी माझ्या पाण्याच्या ग्लासकडे पाहून दोन्ही हात फडफडवत हसत होती. या मुलीला एकही शब्द बोलता येत नाही. चालताना तिचा तोल जातो, तिला झटके येतात, रात्री ती दोन-तीन तासांवर झोपत नाही. आणि ती हसते. कुणी रागावलं तरी हसते, सुई टोचली तरी थोडं रडून पुन्हा हसते. पाणी दिसलं की तिला जगात दुसरं काही नको असतं. या आजाराला एक लांबलचक परदेशी नाव आहे. ते मी इथे लिहीत नाही, कारण त्या नावाने घरच्यांना आजवर काहीच कळलेलं नाही.

"रिपोर्ट कुणाकडून काही आहे की नाही हे ठरवायला नसतो," मी म्हणाले. माझी चप्पल हलत होती.

"पण लिहिलंय ना तसं," तो म्हणाला.

लिहिलेलं होतं, आणि तेही बरोबर होतं. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच. खोटं असतं तर खोडून काढता आलं असतं.

आता थोडं मागे जाते. ही मुलगी दोन वर्षांची असताना दुसऱ्या एका ठिकाणी तिची तपासणी झाली होती आणि ती नॉर्मल आली होती. 'हा आजार नाही' असं सांगून त्यांना घरी पाठवलं गेलं. पुढची चार वर्षं नवससायास, मालिश, वाचा यावी म्हणून कुणीतरी दिलेली मुळी उगाळून चाटवणं, आणि आईला बोलणी, असं सगळं रीतसर पार पडलं. मग ते आमच्याकडे आले. मी नव्याने माहिती घ्यायला बसले.

आमच्या कामात पहिली गोष्ट म्हणजे घराण्याचा नकाशा. पुरुष असेल तर चौकोन, बाई असेल तर वर्तुळ. आजारी असेल तर आतून काळं करायचं, गेलेला असेल तर वरून तिरकी रेघ. तीन पिढ्या काढायच्या. त्या पहिल्या भेटीला मुलीच्या आईचे वडीलही आले होते. सातपूर गावात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. साठीचे, अंगाने काटक, पांढरा शर्ट, बोटांच्या चिरांत बसलेली काळी रेघ. मी विचारलं, "बाबा, तुम्ही किती भावंडं?"

"आम्ही तिघं भाऊ," ते म्हणाले.

मी तीन चौकोन काढले आणि पान उलटलं.

हे मी केलं. वीस वर्षं हे काम करणाऱ्या मी. आपल्याकडे पुरुषाला भावंडं विचारली की तो भाऊ मोजतो. बहिणी 'दिलेल्या' असतात. दिलेली वस्तू आपल्या घरात कोण मोजतं? हे मला पक्कं ठाऊक आहे, नव्या मुलींना शिकवताना मी घसा फोडून सांगते की 'बहिणी किती' असं वेगळं विचारा, दोनदा विचारा. आणि बाहेर पंचवीस माणसं खोळंबली होती म्हणून मी स्वतः विचारलं नाही.

मग जनुक अक्षर न् अक्षर वाचणारी तपासणी केली. बिघाड सापडला. पंधराव्या गुणसूत्रावरचं एक जनुक मधेच तुटक झालेलं होतं. आईचं रक्त तपासलं तर तिच्यातही तोच बिघाड. आणि आई ठणठणीत, बी.कॉम. झालेली, वेगाने बोलणारी, हिशेबाला चोख. रिपोर्टवर 'आईकडून' आलं ते असं, आणि हायलायटरही आला तो असा.

दोन आठवड्यांत नवऱ्याने तिला आणि मुलीला सातपूरला तिच्या वडिलांकडे आणून सोडलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. 'थोडे दिवस राहा' म्हणाला. त्याच्या आईने मात्र जाताना रिपोर्टची झेरॉक्स तिच्या पिशवीत घातली. या एका झेरॉक्सवर मी आजही धुमसते.

मी तिच्या आईवडिलांना बोलावून घेतलं आणि दोघांचंही रक्त तपासायला पाठवलं. आईत काही नव्हतं. बिघाड निघाला वडिलांत.

रिपोर्ट घ्यायला वडील एकटेच आले. मी सांगितलं तेव्हा त्यांनी आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "मला काय झालंय मग? मी तर धड हाय. दुकान चालवतो. बोलतो, चालतो."

"तुम्हाला काही झालेलं नाही आणि होणारही नाही. तुमच्या मोठ्या मुलीलाही नाही. पण तुमची धाकटी मुलगी?"

धाकटी लग्न होऊन सिन्नरला होती. मोठीने, म्हणजे या मुलीच्या आईने, मागच्या खेपेला मला हळूच सांगितलं होतं, की धाकटीला दिवस गेलेत, आता दहावा आठवडा आहे. वडिलांतला बिघाड धाकटीत उतरला असण्याची शक्यता निम्मी. उतरला असेल, तर तिच्या पोटातल्या बाळाला आजार असण्याची शक्यता पुन्हा निम्मी. आधी तिचं रक्त तपासायचं. त्यात नसेल तर विषय संपला. असेल तर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा छोटा तुकडा काढून बाळाचं तपासता येतं, ते हुकलं तर सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल. म्हणजे घाई होती. तिने पुढे काय करायचं हा तिचा प्रश्न. पण तिला माहीत तर हवं.

"तिला काय सांगू नका," वडील म्हणाले.

"का?"

"एकीचं घर बसलंय माझ्या दारात येऊन. दुसरीचं बी आणून बसवू का? तिच्या सासरी कळलं तर? तुमी मोकळ्या हुताल सांगून."

"तिचं मूल असं जन्मलं, आणि मग तिला कळलं की तुम्हाला आधीच माहीत होतं, तर?"

ते उठले. "मोठीला बी मी माझी शपथ घालणार हाय," एवढं बोलून गेले.

आमच्या कामाचा नियम असा, की एकाची माहिती दुसऱ्याला आपण परस्पर सांगायची नाही, तो नातेवाईक असला तरी. नियम चांगला आहे आणि मी तो पाळते. पण त्या आठवड्यात धाकटीच्या पोटातला एकेक दिवस मी मोजत होते आणि घरी भाकरी थापताना परातीवर हात आपटत होते. माझा नवरा शहाणा आहे, तो त्या आठवड्यात स्वयंपाकघरात आला नाही.

पाचव्या दिवशी मोठीचा फोन आला. "मॅडम, तुम्ही दुकानात याल का? मी वडिलांसमोर विचारते, तुम्ही सांगा. माझा रिपोर्ट आहे, तो मी कुणासमोरही ऐकू शकते ना?"

"ऐकू शकतेस," मी म्हणाले. नियमात ते बसत होतं. घरी जाणं बसत नव्हतं, पण दुकान म्हणजे काही घर नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुपारी दोनला सातपूरच्या बसमध्ये बसले. पहिली शिफ्ट सुटायची वेळ जवळ आली होती, कारखान्यांच्या गेटबाहेर रिक्षा लागायला सुरुवात झाली होती.

दुकान छोटं. दाराशी स्टीलच्या टाक्या, भिंतीवर ताटं, छताला टांगलेल्या कळशा. गल्ल्याजवळ वडील नाव घालायची मशीन घेऊन बसले होते. ती पेनासारखी असते, विजेवर थरथरते, आणि तिच्या टोकाने स्टीलवर नाव उमटतं. लग्नाची ऑर्डर असावी, कारण ते एकामागून एक वाट्या घेऊन त्यांवर तेच एक नाव घालत होते. मोठी खाली मुलीला घेऊन बसली होती, मुलीपुढे पाणी भरलेलं घमेलं. आणि आतल्या बाजूला, उजेडाच्या कडेला, एक बाई जुन्या डब्यावर पॉलिशचा कागद घासत बसली होती. साठीच्या आसपास. नऊवारी, कपाळ मोकळं.

"काय करताय?" मी सहज विचारलं.

"नाव काढतेय," ती म्हणाली. "मोडीत आलेली भांडी हायेत. नाव काढलं की पुन्ना इकता येतात."

"या कोण?" मी वडिलांना विचारलं.

मशीन बंद झाली. "बहीण माझी," ते म्हणाले.

मला आजही नीट सांगता येत नाही त्या क्षणी मला कुणाचा जास्त राग आला, त्यांचा की माझा. रोज याच दुकानात, त्यांच्यापासून चार हातांवर बसणारी बाई माझ्या नकाशात नव्हती.

"तुम्हालाच मी विचारलं होतं, किती भावंडं."

"ही दिलेली हुती पेठला," ते म्हणाले. "मागं आली. तिचं काय लिहायचं?"

मोठीने मुलीचा हात पाण्यातून काढून पदराने पुसला आणि म्हणाली, "मॅडम, आत्याची मुलगी पण अशीच हसायची. आम्ही कधी पाहिली नाही. आई सांगायची."

आत्याचा हात थांबला. मी तिच्याजवळ जाऊन बसले. विचारलं, बोलायची का नव्हती, झटके यायचे का, चालताना पाय फाकून टाकायची का. तिने एकेकाला मान हलवली. पाणी आवडायचं का, हे मी विचारलं नाही, पण तिनेच सांगितलं.

"पाण्यावर लय जीव. नवव्या वर्साची हुती. घरामागं ओहोळ हुता. मी भात लावायला गेलेली." तिने डबा उचलून फुंकर मारली. "सासूनं तवा सांगितलं, गिराण लागलेलं असताना तू इळीवर भाजी चिरली, म्हणून पोर अशी झाली. म्यां चिरली हुती भाजी. नाय म्हणत नाय मी."

चाळीस वर्षं ही बाई विळीवरच्या भाजीचा गुन्हा डोक्यावर घेऊन जगत होती. चाळीस वर्षं. आणि तिचा भाऊ तिला चौकोनांच्या रांगेत एक वर्तुळ द्यायला तयार नव्हता.

"मॅडम," मोठी म्हणाली, "आता सांगा. माझं सांगा. आत्यासमोर सांगा."

मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी नको म्हटलं नाही. मी त्यांच्या ढिगातल्या दोन सारख्या वाट्या उचलल्या.

"बाबा, तुमचंच काम आहे, तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल," मी म्हणाले. "प्रत्येक माणसाला प्रत्येक जनुक दोनदा मिळतं. ही एक वाटी आईने दिलेली, ही बापाने दिलेली. वाट्या सारख्याच, घडण एक. पण बहुतेक जनुकांवर नाव नसतं, दोन्ही वाट्या वापरात असतात, एक फुटली तर दुसरी भागवते. काही मोजक्या जनुकांवर मात्र देणारा नाव घालून देतो. आई देताना आईचा ठसा, बाप देताना बापाचा ठसा. घडण बदलत नाही, वर फक्त ठसा असतो. खरं तर तो ठसा जवळच्या एका जागेवर असतो, पण त्यावरून ठरतं हे जनुक बोलणार की गप्प बसणार."

"हं," वडील म्हणाले. धंद्याची गोष्ट आली म्हणून ते नकळत पुढे झुकले होते.

"या मुलीचं जनुक त्यातलं आहे. अंगात बाकी ठिकाणी दोन्ही वाट्या चालतात. पण मेंदूच्या पेशींत फक्त आईच्या ठशाची वाटी वापरतात. बापाची फळीवर पडून असते, चांगली असली तरी कुणी काढत नाही. आता या मुलीला आईने दिलेल्या वाटीला भोक आहे. बापाने दिलेली धड आहे, पण ती मेंदूत कुणी खाली उतरवत नाही. म्हणून मेंदूचं अडलं."

मोठीने विचारलं, "पण मग तेच भोक माझ्यात आहे, मी कशी बरी?"

"तुझी भोकाची वाटी तुझ्या वडिलांनी दिलेली. तिच्यावर बापाचा ठसा. तुझ्या मेंदूने ती वापरलीच नाही. तुझ्या आईने दिलेली वापरली, ती चांगली होती. भोक असून तुला कळलं नाही."

"अन् हिनं दिली तवा?" हे वडिलांनीच विचारलं.

"ती आई झाली तेव्हा तिच्या अंडपेशीत जुनी नावं सगळी पुसली गेली. तुमच्या बहिणीच्या हातात आहे ना पॉलिशचा कागद, तसंच. आणि दोन्ही वाट्यांवर तिचा स्वतःचा, आईचा ठसा बसला. तिने मुलीला दिली ती भोकाची वाटी, पण आता आईचा ठसा असलेली. म्हणून इथे दिसलं. हिच्याऐवजी तुम्हाला मुलगा असता आणि भोक त्याच्यात उतरलं असतं, तर त्याची सगळी मुलं धड निघाली असती. त्याने दिलेल्या वाटीवर बापाचाच ठसा बसला असता."

वडिलांनी दोन्ही वाट्या माझ्या हातातून घेतल्या आणि उजेडाकडे धरल्या, जणू भोक दिसणारच होतं. "मला कुणी दिली?"

"तुमच्या वडिलांनी. तुमच्या आईने दिली असती तर तुम्हीच बोलू शकला नसता."

"म्हणजे पुरुषांकडून पुरुषांकडे गुपचूप आली," मोठी म्हणाली. "आणि बाईच्या हातून गेली की बाईचं नाव."

तिचं बरोबर होतं. बिघाडाला बाई-पुरुष कळत नाही, याच जागी बापाच्या ठशाची बाजू नाहीशी झाली तर वेगळा आजार होतो, जन्मतः मऊ पडलेलं आणि पुढे कधी पोट न भरणारं मूल. तिथे आईची बाजू फळीवर पडून असते. निसर्गाने दोघांनाही सारखंच धरलंय. हायलायटर मात्र एकाच ओळीवर फिरतो. आणि पहिली तपासणी नॉर्मल का आली, तेही मोठीला मी तिथेच सांगितलं. त्या तपासणीने फक्त ठसे वाचले होते. ठसे जागच्या जागी होते. भांड्याला भोक आहे का, हे त्या वेळी कुणी पाहिलंच नाही.

आत्याने मांडीवरचा डबा खाली ठेवला. मग तिने विचारलं, "म्हंजी इळीचं काय नव्हतं?"

"नव्हतं."

"भाजी चिरली नसती तरी झालं असतं?"

"पक्कं सांगायला तुमचं रक्त तपासावं लागेल," मी म्हणाले. "पण भाजीने काही होत नाही. कधीच झालं नव्हतं."

तिने पॉलिशचा कागद घडी करून पदराखाली ठेवला. मला वाटलं आता ती रडेल. ती भावाकडे वळली. "दादा, तुला कवा कळलं?"

"पाच दिस झाले."

"पाच दिस," ती म्हणाली. "अन् मी इथंच बसलेली."

वडिलांनी मशीन हातात घेतली आणि पुन्हा ठेवली. "धाकटीचं घर..." ते म्हणाले.

"माझं बी घर हुतं," आत्या म्हणाली. आवाज जराही वर गेला नाही. "मला कुणी सांगितलं असतं तर म्यां दुसरी गोष्ट केली असती का नसती, ते मला ठाव नाय. पण ओहोळापाशी घर नसतं ठेवलं." मग मोठीकडे वळली. "लाव फोन तिला. तुला शपथ हाय, मला कुणी घातलेली नाय."

मोठीने फोन लावून तिच्या कानाशी धरला. आत्या फोनवर मोठ्याने बोलणाऱ्यांतली. "मी आत्या. ऐक. उद्या सकाळी नाशिकला ये, तुझ्या बहिणीच्या डाक्टरीण बाईंकडं. रक्त द्यायचं हाय. नवऱ्याला घिऊन ये, न्हायतर एकटी ये. पण ये. का ते तिथं सांगते." जरा थांबून ती म्हणाली, "नाय, बापाला इचारायचं नाय."

वडील दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. त्यांच्याबद्दलही मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण थोडं, आणि बऱ्याच नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आली, नवऱ्यासोबत. आत्या आधीच येऊन बाकावर बसली होती, दोन बस बदलून, एकटी. मी नवा कागद घेतला. तीन चौकोनांच्या शेजारी वर्तुळ काढलं. तिने बोट ठेवून विचारलं, "ही मी?" मी हो म्हटलं. "अन् माझी पोर?" मी तिच्याखाली आणखी एक वर्तुळ काढलं, आतून काळं केलं आणि वरून तिरकी रेघ मारली. तिने ती रेघ बोटाने दोनदा पुसून पाहिली. धाकटीच्या नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "सुई कुठे टोचायची?" त्या मुलाला मी त्याच वेळी पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

बाराव्या आठवड्यात रिपोर्ट आला. धाकटीत बिघाड नव्हता. तिच्या वडिलांनी तिला दुसरी वाटी दिली होती, धड असलेली. बाळाचं काहीच तपासायची गरज उरली नाही. आत्यात मात्र बिघाड होता. बाकीच्या दोन्ही भावांना आणि त्यांच्या मुलींना आता सांगावं लागणार होतं, आणि ते काम आत्याने स्वतःकडे घेतलं. मी करते म्हटलं तर म्हणाली, "तुमी फकस्त कागद द्या."

वडील पेढे घेऊन आले. देवाची कृपा म्हणाले. मी पेढा घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. निकाल उलटा असता तर हेच गृहस्थ काय म्हणाले असते, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. मावशींनी पाणी आणून ठेवलं, म्हणून राहिलं.

मोठीचा नवरा आला नाही. मी त्याला दोनदा बोलावलं. फोनवर नीट समजावलं, की असा गप्प बसलेला बिघाड त्याच्यातही असू शकला असता, आणि त्याच्यात असता तर त्याला कधी कळलंही नसतं, मूल धडच झालं असतं. तो म्हणाला, "पण नाहीये ना." इंजिनिअर आहे, तर्कात चुकत नाही.

दोन महिन्यांनी मोठी मुलीच्या झटक्यांचं औषध बदलून घ्यायला आली. सोबत आत्या होती. मोठी म्हणाली, सासरहून टेम्पो आला होता. तिची लग्नातली सगळी भांडी त्यात घालून पाठवली होती, बांधूनसुद्धा नाही. वडिलांनीच आठ वर्षांपूर्वी एकेक नाव घातलेली. त्यांनी ती ओट्यावर उतरवून घेतली, मोजली, मग आतून पॉलिशचा कागद आणला आणि पहिलं पातेलं मांडीवर घेतलं. दुकानात मोडीच्या भांड्यांचं जे करतात तेच करायला. आत्याचीही पेठहून आलेली भांडी याच ओट्यावर त्यांनी घासून विकली होती.

"मग?" मी विचारलं.

"आत्याने त्यांच्या हातातून कागद घेतला," मोठी म्हणाली. "म्हणाली, नाव राहू दे. वापरायला काढ."

आत्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली होती. मुलगी तिच्या मांडीवर होती आणि तिचा पदर चावत हसत होती.

"आता त्यातच भात लावते मी," मोठी म्हणाली. "आणि ते मोठं पातेलं हिला दिलंय. पाणी भरून पुढ्यात ठेवतो. आत्या तिथून हलत नाही."